दुभाषकाची चौकट पिन व स्पॉटलाइट करणे

ऑनलाइन सभेत सांकेतिक भाषेच्या दुभाषकाचा व्हिडिओ प्रत्येक सहभागीच्या पडद्यावर मोठा आणि एका जागी राहील अशी व्यवस्था करण्याची पद्धत. तिची गरज ॲपच्या रचनेतूनच निर्माण होते. ज्याचा आवाज येतो त्याची चौकट ॲप आपोआप मोठी करते. दुभाषक हातांनी आणि चेहऱ्याने बोलत असतो, त्याचा माइक बहुधा बंद असतो. त्यामुळे अखंड काम करणारा हा माणूस ॲपच्या हिशेबी गप्पच बसलेला असतो आणि मोठ्या सभेत त्याची चौकट मागच्या पानावर ढकलली जाते.

झूमवर यासाठी दोन सोयी आहेत. ‘Pin’ केलेली चौकट फक्त पिन करणाऱ्याच्याच पडद्यावर स्थिर राहते. ‘Spotlight for Everyone’ ही सूचना होस्ट किंवा को-होस्ट देतो आणि ती सर्वांच्या पडद्यांना लागू होते. गूगल मीटमध्ये यजमानाला पिन करताना स्वतःपुरते की सर्वांसाठी, हे निवडता येते. कर्णबधिर सदस्याला ‘तुम्ही पिन करून घ्या’ सांगून मोकळे होणे बरोबर नाही. त्यासाठी आधी दुभाषक शोधावा लागतो आणि तेवढ्यात सभेचे पहिले मुद्दे निसटतात. शिवाय सभेत आणखी कोणाला दुभाषकाची गरज आहे, हे यजमानाला नेहमीच ठाऊक असते असे नाही.

चौकट मोठी झाली की चित्रही सुधारते. छोट्या चौकटीसाठी ॲप कमी तपशिलाचा व्हिडिओ मागवते, मोठ्या चौकटीसाठी अधिक तपशिलाचा. भारतीय सांकेतिक भाषेत नावे आणि अपरिचित शब्द मुख्यतः दोन्ही हातांच्या बोटांनी अक्षरे करून सांगतात. बोटे पुसट दिसली की नाव कळतच नाही. म्हणून दुभाषकाने कंबरेपासून डोक्याच्या थोडे वरपर्यंत दिसेल असे बसावे, पार्श्वभूमी साधी ठेवावी आणि आभासी पार्श्वभूमी बंद करावी, कारण ती हलत्या बोटांच्या कडा खाऊन टाकते.

वाशीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेची पुनर्विकासावरची सभा उदाहरणादाखल घेऊ. सचिव होस्ट आहेत, एक सदस्य कर्णबधिर आहेत आणि आळीपाळीने काम करणारे दोन दुभाषक आहेत. सभेआधी पाचदहा मिनिटे दुभाषकांना आत घेऊन त्यांच्या नावापुढे ‘दुभाषक’ असे लिहावे. सचिवांना हजेरी आणि ठराव सांभाळायचे असल्याने स्पॉटलाइटचे काम एका को-होस्टकडे द्यावे. त्याने अध्यक्षांच्या चौकटीवरील तीन टिंबांतून त्यांना स्पॉटलाइट करावे, मग दुभाषकाच्या चौकटीवर ‘Add Spotlight’ निवडावे. येथे चुकून ‘Replace Spotlight’ निवडले तर अध्यक्ष मोठ्या चौकटीतून जातात. साधारण वीस मिनिटांनी दुभाषक बदलतात. तेव्हा आधी दुसऱ्याला जोडावे आणि नंतर पहिल्याला काढावे. उलट क्रमाने केले तर मधले काही क्षण पडद्यावर भाषांतरच नसते. दुभाषकाचे नेट तुटून तो परत आला, तर स्पॉटलाइट पुन्हा द्यावा लागतो.

सर्वांत जास्त विसरली जाणारी वेळ म्हणजे कर्णबधिर सदस्य स्वतः प्रश्न विचारतात ती. त्यांचे हातवारे पाहून दुभाषक मोठ्याने बोलतो, आवाज दुभाषकाचा येतो आणि ॲप त्यालाच वक्ता समजते. प्रश्न ज्यांचा आहे ते दिसतच नाहीत. को-होस्टने त्यांनाही स्पॉटलाइटमध्ये घ्यावे, म्हणजे कोण बोलत आहे हे सभेला दिसते आणि उत्तर देणारे दुभाषकाऐवजी त्यांच्याकडे पाहून बोलतात.

विकसकाने नकाशा दाखवण्यासाठी स्क्रीन शेअर केली की नकाशा मोठा होतो आणि व्हिडिओ कडेला छोटे होतात. संगणकावर शेजारी-शेजारी दृश्य निवडून मधली रेघ ओढली तर दुभाषकाला जागा देता येते, पण हे प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर करावे लागते. मोबाइलवर तेवढी जागाच नसते. त्यावर खात्रीचा उपाय असा: नकाशा आदल्या दिवशीच सदस्यांना पाठवावा, सभेत तो थोडा वेळ दाखवावा, पाहायला वेळ देऊन शेअरिंग थांबवावे आणि चर्चा नंतर सुरू करावी. नकाशा आणि हात एकाच वेळी पाहता येत नाहीत.

स्वतःच्या पडद्यावर सारे नीट दिसते म्हणून होस्टने निर्धास्त राहू नये. दुसऱ्याने गॅलरी दृश्य लावलेले असू शकते. को-होस्टने एका मोबाइलवरून साधा सहभागी म्हणून सभेत यावे आणि तेथे दुभाषक कसा दिसतो ते पाहावे. कर्णबधिर सदस्यांनाही सुरुवातीलाच चॅटमध्ये विचारावे.

सभा लहान गटांच्या खोल्यांत विभागली तर मुख्य सभेतील स्पॉटलाइट तेथे जात नाही. झूमच्या क्लाउड रेकॉर्डिंगवर पिनचा परिणाम होत नाही, स्पॉटलाइटचा होतो. सभेला येऊ न शकलेल्या कर्णबधिर सदस्याला ते पाठवायचे असेल, तर सभाभर दुभाषक स्पॉटलाइटमध्ये होता ना, हे पाठवण्यापूर्वी रेकॉर्डिंग चालवून तपासावे.