पोटातलं हेपरिनचं इंजेक्शन: बुडबुडा राहू द्या, जागा चोळू नका

गुडघा किंवा खुबा बदलून घरी आलेल्या पेशंटसाठी रोजची पोटातली इंजेक्शनं आमच्या दुकानातून जातात, आणि मग कोणीतरी येतंच, "अहो, हवा काढताना औषधच उडालं, दुसरं द्या." उघडलेली सिरिंज आम्हाला परत घेता येत नाही, यात दुकानदाराचा हट्ट काही नाही. म्हणून आधीच वाचा.

आपण बहुतेकांना देतो ती एनॉक्झापॅरिनची, म्हणजे हेपरिनच्याच एका प्रकाराची, भरलेली सिरिंज, ४० मिलिग्रॅमची, त्यात औषध फक्त ०.४ एमएल. बुडबुडा काढायच्या नादात ०.१ एमएल उडालं तरी डोसचा चौथा हिस्सा गेला. आणि तो बुडबुडा कंपनीनेच मुद्दाम ठेवलेला असतो. सुई खाली धरली की तो वर दट्ट्याजवळ जातो, औषधाच्या मागून येतो आणि सुईतला शेवटचा थेंबसुद्धा आत ढकलतो. चरबीत गेलेल्या एवढ्याशा हवेने काही होत नाही, ही शिरेतली सुई नाही. पेशंटला मागे टेकवून बसवा म्हणजे सुई खाली धरता येते.

हे पूर्ण डोससाठी. डॉक्टरांनी सिरिंजमधलं अर्धंच द्यायला सांगितलं असेल किंवा बाटलीतून भरायचं हेपरिन असेल तर पद्धत वेगळी, आधी विचारा.

बेंबीपासून दोन इंच सोडून, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, टाक्यांपासून आणि जुन्या डागापासून लांब. चिमटीत कातडी धरा, सुई सरळ पूर्ण आत घाला, दट्ट्या सावकाश शेवटपर्यंत दाबा आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका.

आता चोळण्याबद्दल. दंडावर इंजेक्शन घेतलं की चोळायची आपल्याला सवयच, पण इथे औषधच रक्त गोठू न देणारं. चोळलं की बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, रक्त कातडीखाली पसरतं आणि दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा काळानिळा डाग घेऊन घरचे घाबरून दुकानात! थेंबभर रक्त आलं तर कापूस नुसता हलका दाबून ठेवा. नाण्याएवढा डाग चोळलं नाही तरी पडू शकतो, त्याचं काही नाही. पण डाग वाढतच चालला, जखमेतून किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना, शी डांबरासारखी काळी झाली, पोटरी सुजून दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना फोन, आणि धाप लागली तर सरळ हॉस्पिटल. दुखतंय म्हणून मनाने आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, तुम्ही मागितलं तरी आम्ही आधी चिठ्ठी बघतो, राग मानू नका.

औषध फ्रीजरमध्ये कधीच नको. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

पहिलं इंजेक्शन कसं द्यायचं ते काउंटरवर दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. घरी येऊन द्यायला सिस्टर हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगा. वापरलेल्या सिरिंज झाकण लावायच्या भानगडीत न पडता जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि डबा भरला की आमच्याकडे आणून द्या.