काटकोनातलं अंतर

बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातल्या जंगलांत पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत अनेकांना माहीत आहे. सकाळी कागदावर आकडे असतात: चितळ ४३, सांबर ११, अस्वल २. हौस भागते, पण या आकड्यांवरून जंगलात चौरस किलोमीटरमागे किती चितळं आहेत हे सांगता येत नाही. तोच कळप रात्रीतून दोनदा पाण्यावर येऊन गेला असेल. तो किती लांबून आला, हेही ठाऊक नसतं. आकडा आहे, पण तो नेमका कशाचा हे कळत नाही.

मी एका व्याघ्र प्रकल्पात इंटर्न म्हणून गेलो, तेव्हा पहिले चार दिवस मला नुसता आकडा आणि चौरस किलोमीटरमागची घनता यांतला फरकच कळत नव्हता. माझ्या हातात होकायंत्र, लेझर रेंजफाइंडर, पेन्सिल आणि छापील तक्ता देऊन ट्रान्सेक्टवर पाठवलं होतं. ट्रान्सेक्ट म्हणजे जंगलातून आखलेली सरळ रेघ. भारतातल्या व्याघ्रगणनेत, म्हणजे २००६पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या मोजणीत, वाघाच्या भक्ष्यासाठी प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीत, अशी साधारण दोन किलोमीटरची रेघ चालतात. सकाळी उजाडल्या उजाडल्या सुरुवात करायची, दीड-दोन तास हळूहळू, न बोलता चालायचं आणि पुढच्या काही सकाळी तेच पुन्हा करायचं. १९८०च्या दशकात व्याघ्र-अभ्यासक उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत ही पद्धत वापरून तृणभक्षी प्राण्यांची घनता काढली, आणि पुढे ती आपल्याकडे रुळली.

पद्धतीच्या मुळाशी एक प्रामाणिक कबुली आहे: आपल्याला सगळे प्राणी दिसत नाहीत. रेघेवरचा प्राणी सहसा सुटत नाही. वीस मीटर आतला कधीकधी सुटतो, आणि सत्तर मीटर आतला बहुतेक वेळा सुटतोच. म्हणून दिसलेल्या प्रत्येक प्राण्याचं रेघेपासूनचं काटकोनातलं अंतर नोंदवायचं. अशा साठ-सत्तर नोंदी जमल्या की लांब जाऊ तशी नजर किती कमी पडते याचा आलेख निघतो. त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज करता येतो. सगळा डोलारा त्या एका अंतरावर उभा आहे. तक्त्यातला बाकीचा मजकूर चुकला तर थोडं नुकसान होतं, हे अंतर चुकलं तर घनताच चुकते.

गंमत अशी, की हे अंतर कुणी थेट मोजत नाही. झुडपांतून काटकोनात चालत गेलं तर प्राणी पळणार. म्हणून उभ्या जागेवरून तीन गोष्टी घ्यायच्या: आपल्या रेघेची दिशा, प्राण्याची दिशा, आणि प्राण्यापर्यंतचं सरळ अंतर. समजा रेघ ४० अंशांवर चालली आहे, चितळांचा कळप ६५ अंशांवर दिसला आणि रेंजफाइंडरने ६० मीटर दाखवले. दोन दिशांमधला कोन २५ अंश. २५ अंशांची ज्या, म्हणजे साइन, सुमारे ०.४२३, तिला ६०ने गुणलं की २५.४ मीटर. हेच आपलं काटकोनातलं अंतर. संगणकाच्या तक्त्यात रेघेची दिशा `B2`, प्राण्याची दिशा `C2` आणि अंतर `D2` या घरांत असेल तर सूत्र असं:

```
=ABS(D2*SIN(RADIANS(C2-B2)))
```

यातला `RADIANS` विसरला तर `SIN` पंचविसाला अंश न समजता रेडियन समजतं आणि उत्तर ७.९ मीटर येतं. `ABS` उणे चिन्हही पुसून टाकतं, त्यामुळे आकडा बघून कुणालाच शंका येत नाही. आमच्या चमूतल्या एका तक्त्यात हे तीन आठवडे चाललं होतं. रोज एक ओळ कागदावर हाताने सोडवून ताडून पाहायची सवय तेव्हापासून लागली.

पण जास्त चुका संगणकावर नाही, जंगलात होतात, आणि त्यांतली सर्वांत गोड चूक शून्याची. समोर ऐंशी मीटरवर नीलगाय रेघेच्या थोडी उजवीकडे उभी आहे. नोंदणारा म्हणतो, ‘समोरच आहे, शून्य लिही.’ होकायंत्र डोळ्याला लावलं असतं तर पाच अंश निघाले असते, आणि ऐंशी मीटरवर पाच अंश म्हणजे सात मीटर. अशा दहा-बारा नोंदी शून्यावर जमल्या की आलेख रेघेजवळ उंच सुळक्यासारखा चढतो. गणिताला वाटतं, यांची नजर रेघेजवळच चालते, लांबचं बरंच सुटतंय. मग ते न दिसलेल्यांची भर जरुरीपेक्षा जास्त घालतं.

याचा परिणाम किती होतो ते सोप्या, कल्पित आकड्यांवर पाहू. दहा रेघा, प्रत्येक दोन किलोमीटर, तीन सकाळी: एकूण चाल ६० किलोमीटर. चितळांचे ४८ कळप दिसले, कळपात सरासरी सहा. आलेखावरून नजरेची परिणामकारक रुंदी एका बाजूला ४० मीटर निघाली. म्हणजे असं अंतर, की त्याच्या आत जेवढे कळप सुटले तेवढेच त्याच्या बाहेर दिसले. दोन्ही बाजू धरून आपण खरोखर पाहिलेलं क्षेत्र: २ × ०.०४ × ६० = ४.८ चौरस किलोमीटर. ४८ भागिले ४.८ म्हणजे चौरस किलोमीटरला १० कळप, अर्थात ६० चितळं. आता शून्यांच्या सुळक्यामुळे रुंदी ४०ऐवजी ३२ मीटर आली असं धरा. क्षेत्र ३.८४ होतं, कळप १२.५ आणि चितळं ७५. जंगलात एकही पाडस वाढलं नाही, तरी कागदावर पंधरा चितळं जास्त आली. पुढच्या वर्षी काटेकोर चमू आला आणि त्याला ६० मिळाली, तर अहवालात ‘भक्ष्य घटलं’ असं वाक्य येऊ शकतं.

उलटी चूक प्राण्यांच्या पळण्याने होते. सांबर आपल्याआधी आपल्याला पाहतं, ‘पोंक’ करून आत सरकतं आणि आपण ते थांबलं तिथलं अंतर घेतो. मग रेघेजवळच्या नोंदी लांबच्या होतात, रुंदी फुगते आणि घनता कमी दिसते. नियम असा, की प्राणी पहिल्यांदा दिसला त्या जागेचं मोजमाप घ्यायचं. प्राणी निघून गेला असला तरी तो ज्या धावड्याशेजारी उभा होता त्या खोडावर रेंजफाइंडर लावायचा. तसंही खोडावर लावणं बरं, कारण लेझर पुढच्या फांदीला लागला तर साठ मीटरवरचं चितळ बारा मीटरवर दाखवतं. माझ्यासोबतचे वनरक्षक काका यंत्र बघण्याआधी नजरेने अंदाज सांगायचे. यंत्राचा आकडा त्यांच्या अंदाजाशी अगदीच विसंगत आला की आम्ही पुन्हा मोजायचो, आणि बहुतेक वेळा चूक यंत्राच्या वाटेत आलेल्या पानाची असायची.

कळप म्हणजे काय, हेही आधी ठरवावं लागतं. आमचा नियम होता: दोन जनावरांत तीस मीटरपेक्षा जास्त फट असेल तर वेगळे कळप. हा आकडा तीसच का, याला फार खोल कारण नव्हतं. पण सगळ्या जोड्या तोच पाळत होत्या, हे महत्त्वाचं. अंतर आणि दिशा कळपाच्या मध्याची घ्यायची, जवळच्या जनावराची नाही. जवळचं जनावर सगळ्यांत आधी दिसतं, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो आणि अंतर पुन्हा कमी पडतं. नावांचाही घोळ होताच. आमच्यात एकाच्या तोंडी भेडकी म्हणजे भेकर, तर दुसऱ्याच्या तोंडी चौसिंगा. शेवटी तक्त्याच्या मागे नावांची यादी चिकटवली आणि ‘लहान हरीण, ओळख पटली नाही’ असा रकानाही ठेवला. तो रकाना भरायची लाज वाटते म्हणून लोक जात ठोकून देतात, आणि चौसिंगा अचानक वाढतो.

काय लिहायचं नाही, हेही शिकावं लागलं. दोन किलोमीटरचा शेवटचा खांब ओलांडून आम्ही जिप्सीकडे चालत होतो, तेव्हा नाल्यात वाघीण दिसली. माझी पेन्सिल आपोआप तक्त्यावर गेली. काकांनी तक्ता माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि म्हणाले, ‘ही मागच्या पानावर.’ मागचं पान म्हणजे सहज दिसलेल्यांची वही. वाघ तिथे आहे हे त्यातून कळतं, पण तो रेघेच्या चालीत मोजला तर ६० किलोमीटरचा भागाकार खोटा ठरतो. याच कारणाने काहीच न दिसलेली सकाळही पूर्ण लिहायची: रेघेचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, हवामान, नोंदी शून्य. तो कागद हरवला तर दोन किलोमीटरची चाल हिशोबातून गळते आणि उरलेल्या चितळांचं क्षेत्र आपोआप आक्रसतं.

एक गोष्ट आमच्या हातात नव्हती. फेब्रुवारीत सागाला बरीच पानं होती आणि तिसाव्या मीटरपलीकडे सगळं दाट. एप्रिलपर्यंत साग उघडा पडला, खाली पानांचा सडा साचला आणि शंभर मीटरवरचं रानडुक्करही दिसू लागलं. त्याच सड्यावर आमची पावलं मात्र कुरकुरत होती, आणि प्राणी आधीच सावध होत होते. म्हणून दोन्ही महिन्यांच्या नोंदी एका आलेखात कोंबल्या नाहीत, वेगळे आलेख काढले.

महिनाअखेर मी फेब्रुवारीच्या अंतरांचा स्तंभालेख काढला. दहा, वीस, पन्नास या आकड्यांवर खांब उंच होते, म्हणजे कुणीतरी यंत्र न लावता अंदाजे लिहिलं होतं. शून्यावर नऊ नोंदी होत्या. तारखा आणि आद्याक्षरं लावून पाहिल्यावर त्यातल्या सहा माझ्याच निघाल्या, पहिल्या चार दिवसांतल्या. कोन परत मिळणार नव्हते. मार्गदर्शकांनी सुचवलं म्हणून अंतरं एकेक मीटरने न धरता ०-१५, १५-३०, ३०-४५ अशा गटांत टाकली. खरोखर सात मीटरवरची नीलगाय आणि माझं शून्य दोन्ही पहिल्याच गटात जातात, त्यामुळे सुळका बराच बसला. तपशील मात्र गेला. एप्रिलच्या तक्त्यात शून्याची एकच नोंद होती: रेघेवरच्या मोहाखाली फुलं खात उभं असलेलं चितळ.