डिट्टोच्या दोन काड्या उलगडायची भानगड सुरू कुठून झाली

जुनी वही उघडा, पहिल्या ओळीत गावाचं नाव नीट लिहिलेलं, खाली सगळीकडे दोन काड्या, आणि कारकून फारच कंटाळला असेल तर थेट पानाच्या तळापर्यंत एक उभी रेघ. डिट्टो हा शब्द मूळचा इटालियन, अर्थ "सांगितलेला", सतराव्या शतकात इंग्रजीत आला तो तारखा लिहिताना महिन्याचं नाव परत परत लिहायला नको म्हणून. आपल्याकडच्या जुन्या कागदांत "मौजे मजकूर", "साल मजकूर" असायचं ते तरी वेगळं काय, मजकूर म्हणजे वर आलंय तेच.

ह्या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ओळ जागची हलणार नाही. बांधलेल्या वहीत ती हलणार तरी कशी!

ती हलली अमेरिकेच्या जनगणनेत. 1880 ला एका पानावर 50 ओळी, त्यामुळे जन्मस्थानाच्या रकान्यात एकदा ओहायो लिहून खाली डिट्टोचं लघुरूप "do" चालून जायचं. 1890 ला हॉलरिथ नावाच्या इंजिनियरची पंचकार्डं आली, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवायची कार्डं, माणशी एक कार्ड, आणि गठ्ठा पिसल्यावर "वर" असं काही उरतच नाही. म्हणजे प्रत्येक कार्डावर सगळं पूर्ण पाहिजे. मग एका भागातल्या सगळ्यांना सारखाच असलेला जागेचा कोड एकाच दाबात अनेक कार्डांवर पाडायला वेगळं गँग पंच होतं, आज आपण एक्सेलमध्ये सेल धरून खाली ओढतो तेच काम, फक्त लोखंडात.

आज वही टाइप करताना गोची तीच आहे, काड्या तशाच टाइप केल्या आणि कुणी सॉर्ट मारला की ओहायोवाला इंडियानात जन्मलेला दिसतो. म्हणून A रकान्यात वहीत दिसतं तसंच ठेवायचं, काडी असेल तिथे 〃 टाकायचं, आणि पूर्ण किंमत शेजारी B मध्ये काढायची. B2 मध्ये पहिलं नाव हाताने लिहायचं, मग B3 पासून खाली:

```
=IF(A3="〃",B2,IF(A3="","",A3))
```

ही ओढून झाली की B कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, सॉर्ट त्याच्यानंतरच, नाहीतर फॉर्म्युला नवीन शेजाऱ्याकडून नाव उचलतो.

रिकामा सेल मात्र काडी समजून भरू नका, रिकामं म्हणजे कधीकधी खरंच माहिती नव्हती. वयाच्या रकान्यात दोन काड्या हुबेहूब 11 दिसतात, तिथे त्याच कारकुनाचा एक पक्का 11, एखाद्या तारखेतला वगैरे, शोधून उंची ताडून बघायची, काड्या बहुतेक आखूड आणि ओळीच्या वर लटकलेल्या असतात. उभ्या रेघेचं त्याहून अवघड, ती ज्या ओळीवर थांबते ती ओळ धरायची की नाही हे शेजारच्या रकान्यात बदल कुठे झालाय त्यावरून ठरवावं लागतं. आणि पानाच्या पहिल्याच ओळीत काडी दिसली तर मागचं पान उलटून त्याची शेवटची ओळ बघा, मधलं पान फाटलेलं असेल तर तो सेल भरूच नका.