वजन तेवढंच, मग फळीचा झोळ का वाढतो?

इमारत मालक, अभ्यासिका, लातूर यांस,
स.न.वि.वि.

पाहणीत आपण दाखवलेल्या सागवानी फळीबद्दल लिहितो. लांबी ८ फूट, रुंदी १ फूट, जाडी दीड इंच, आधार फक्त दोन्ही टोकांना. वर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, मीटरमागे साधारण ३० किलो. वर्षभर वजन तेवढंच असूनही झोळ वाढतोय, म्हणून आपल्याला वाळवीची शंका आली. स्क्रू-ड्रायव्हरने ठिकठिकाणी टोचून पाहिलं, लाकूड कुठेही भुसभुशीत नाही.

फळीचं स्वतःचं वजन धरून हिशेब केला, तर पुस्तकं ठेवताक्षणीच ती मध्यभागी सुमारे ११ मिमी वाकली असणार. परवा टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून मोजलं तर २० मिमी भरले. वरचे ९ मिमी काळाने आणले. याला क्रीप म्हणतात. सतत ताणाखाली असलेल्या लाकडाच्या धाग्यांमधले रेणू एकमेकांवरून अगदी सावकाश सरकतात आणि नव्या जागी स्थिरावतात. चांगलं वाळलेलं लाकूडसुद्धा वर्षानुवर्षांच्या भाराखाली पहिल्या वाकण्याच्या दीडपट ते दुप्पट वाकतं. ओलं बसवलं असेल तर आणखी जास्त.

त्यात आपली हवा. मे महिन्यात लाकूड कडकडीत सुकतं, पावसाळ्यात ओल धरतं. पाणी आत-बाहेर होताना रेणूंमधले बंध सुटतात आणि वाकलेल्या अवस्थेतच पुन्हा जुळतात. १९६०च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना दिसलं, की एकसारख्या ओलसर लाकडापेक्षा ओलं-सुकं होत राहणारं लाकूड जास्त वाकतं. त्यामुळे आपली फळी पावसाळा सुरू होताना आणि संपल्यावर जास्त खाली गेलेली दिसली, तर नवल नाही.

ती मोडेल का? सध्या तरी नाही. तिच्यावरचा ताण सागाच्या ताकदीच्या विसाव्या भागाहूनही कमी आहे. कमी पडतोय तो ताठपणा, आणि तो लांबीवर भलताच अवलंबून असतो. मीटरमागे वजन तेच ठेवून दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून मधोमध भक्कम उभा टेकू द्या. आधी पुस्तकं उतरवा. फळी थोडी लगेच वर येईल, थोडी काही दिवसांत, उरलेला बाक कायमचा राहील. सुतार फळी उलटी बसवायला सांगतोय. काही महिने ती छान दिसेल, पण टेकू नसेल तर पुन्हा खाली येईल. जाडी दुप्पट केली तरी वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं, पण मला तो खर्च पटत नाही.

टेकू बसेपर्यंत दर महिन्याच्या १ तारखेला दोरी लावून आकडा लिहून ठेवा. वाढ महिन्यागणिक कमी होत गेली तर क्रीप नेहमीच्या वाटेने चालला आहे. ती वाढतच गेली, खालच्या बाजूला मधोमध चीर दिसली किंवा करकर ऐकू आली, तर मला फोन करायच्या आधी पुस्तकं खाली उतरवा.

आपला,
इमारत निरीक्षक