उटण्याच्या पाकिटावर काय लिहायचं?

(आमच्याकडे लेबलं छापून घेणाऱ्या आणि ऑनलाइन विक्रीसाठी मजकूर लिहून घेणाऱ्या घरगुती उद्योजकांसाठी. नारायण पेठ, पुणे)

दिवाळीआधी एका ताईंनी उटण्याचा मजकूर पाठवला : ‘मुरुम, खाज, इसब मुळापासून बरे. पूर्ण केमिकल-फ्री. दुष्परिणाम शून्य.’ उटणं खरोखर छान होतं. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, सगळं स्वतः निवडून दळलेलं. तरी हा मजकूर आम्ही छापला नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने यांचा कायदा १९४० चा आहे. डब्यात काय आहे एवढंच तो बघत नाही, ते कशासाठी म्हणून विकता हेही बघतो. त्वचा स्वच्छ करायला, रूप खुलवायला विकलं तर ते सौंदर्यप्रसाधन. आजार बरा करायला म्हणून विकलं तर औषध, आणि औषधाचा परवाना वेगळा. (सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायलाही परवाना लागतोच, तो आधी तपासा.) म्हणजे उटण्यात चिमूटभरही बदल न करता ‘इसब बरा’ या दोन शब्दांनी ताई औषधविक्रेत्या ठरल्या असत्या. कोड, मधुमेह अशा ठरावीक आजारांवरच्या इलाजाची तर जाहिरातच १९५४ च्या कायद्याने करता येत नाही.

ताई म्हणाल्या, “पण हळद जंतुनाशक आहे, हे सगळ्यांनाच माहीत आहे.” प्रयोगशाळेत हळदीचा अर्क जंतूंवर चालतो, हे खरं. पण तिथे अर्काचं प्रमाण मोजलेलं असतं आणि तो तासन् तास जंतूंवर राहतो. आपलं उटणं पाच मिनिटांत धुतलं जातं. त्या प्रयोगाने आपल्या पाकिटाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

‘दुष्परिणाम शून्य’ आम्हाला सर्वांत जास्त खटकतं. वनस्पतीनेही अंगावर पुरळ उठतं. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, काळे डाग पडतात. शून्य वाचून कुणी तान्ह्या बाळाला किंवा चिघळलेल्या जागी उटणं लावलं, तर त्रास त्या माणसाला होणार. ‘केमिकल-फ्री’सुद्धा काढा. त्याऐवजी सगळे घटक लिहा. ‘कृत्रिम सुगंध नाही’ हे खरं असेल तर तेवढंच पुरे.

शेवटी असा मजकूर ठरला : ‘आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा आणि मसूरडाळीचं पीठ. अभ्यंगानंतर अंगावरचं तेल निघतं, त्वचा मऊ लागते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून धुवा आणि एक दिवस थांबा. लाली किंवा खाज आली तर वापरू नका. जखमेवर लावू नका.’ यातलं प्रत्येक वाक्य ताई स्वतः करून दाखवू शकतात.

मजकूर सुधारला तरी दावा दुसरीकडे राहून जातो. ताईंनी ‘माझा इसब गेला’ हा एका ग्राहकाचा अभिप्राय फोटोवर मोठ्या अक्षरात टाकला होता. अभिप्राय ग्राहकाचा असला तरी निवडून आपण छापला की दावा आपला होतो. शोधशब्दांत ‘इसब’, ‘सोरायसिस’ भरणं हेही तसंच. म्हणून मजकुरासोबत फोटो, हॅशटॅग आणि शोधशब्दांची यादीही आम्हाला पाठवा. छपाईला देण्याआधी आम्ही तिन्ही वाचतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.