हॉर्नची सरासरी काढताना

गेल्या महिन्यात माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी एक तक्ता घेऊन आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आल्या. कॉलेजात प्रोजेक्ट होतं, ‘आपल्या शहराची एक समस्या’. पाणी आणि कचरा बाकीच्या गटांनी आधीच पळवले होते, म्हणून यांच्या वाट्याला आवाज आला. तिघी पलासिया चौराह्यावर तीन संध्याकाळी उभ्या राहिल्या, मोबाइलवरच्या ॲपमधून आकडे टिपले, आणि सगळ्यांची बेरीज करून भागाकार केला. उत्तर आलं ६९ डेसिबल. व्यापारी भागासाठी दिवसाची कायदेशीर मर्यादा ६५ डेसिबल आहे. ‘म्हणजे काका, फक्त चारच जास्त! सर म्हणाले, यात समस्या कुठे आहे?’

समस्या भागाकारात होती. डेसिबलची अशी सरासरी काढता येत नाही. शाळा-कॉलेजांच्या प्रदर्शनांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आज तिच्यावरच लिहायचं ठरवलं. ती सुधारली की प्रोजेक्टचा विषयच बदलतो.

डेसिबल हे किलो किंवा लिटरसारखं माप नाही, ते गुणाकार मोजतं. आवाजाची ऊर्जा दहापट झाली की आकडा १० ने वाढतो, शंभरपट झाली की २० ने, आणि दुप्पट झाली की जेमतेम ३ ने. म्हणून ६० डेसिबलच्या दोन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या केल्या तर १२० नव्हे, ६३ डेसिबल होतात. आपला कानही काहीसा असाच चालतो. ऊर्जा दहापट झाली तरी आपल्याला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. टाचणी पडल्याचा आवाज आणि ढोल-ताशा एकाच कानाला झेपतात ते त्यामुळे. पण या सोयीची किंमत अशी की मोठे आकडे कागदावर लहान दिसतात. ६८ आणि ९० यांत फरक २२ चा, पण ऊर्जेत तो दीडशेपटींहून जास्त आहे.

आता पलासियाचंच गणित सोपे आकडे घेऊन मांडू. पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद. त्यातले ८६० सेकंद नुसती गाड्यांची घरघर, ६८ डेसिबल. उरलेले ४० सेकंद कुणीतरी हॉर्न वाजवतंय, ९० डेसिबल. भाचीच्या पद्धतीने सरासरी ६९ येते. आपण ती ऊर्जेची काढू. ६० डेसिबलच्या आवाजाची एका सेकंदाची ऊर्जा म्हणजे आपलं एक माप धरा. मग ६८ डेसिबलचा प्रत्येक सेकंद ६.३ मापं देतो आणि ९० डेसिबलचा प्रत्येक सेकंद १००० मापं. घरघरीची एकूण मापं झाली सुमारे ५,४००. हॉर्नची झाली ४०,०००. बेरीज ४५,४००, भागिले ९००, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपन्नास मापं. ते पुन्हा डेसिबलमध्ये आणलं की उत्तर येतं ७७.

६९ नव्हे, ७७. या सरासरीला समतुल्य पातळी म्हणतात, म्हणजे पंधरा मिनिटं एकसारखा आवाज राहिला असता आणि ऊर्जा तेवढीच आली असती, तर तो केवढा असता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादा याच सरासरीसाठी आहेत. मात्र तिथे दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० हा अख्खा काळ. म्हणून पंधरा मिनिटांचा ७७ हा आकडा थेट ६५ च्या शेजारी ठेवून ‘कायदा मोडला’ असं लिहू नये. चौराह्याची संध्याकाळ एवढी आहे, इतकंच त्यातून कळतं.

पण मला या गणितात आवडते ती पुढची पायरी. समजा, रस्त्यावरच्या गाड्या निम्म्या केल्या आणि हॉर्न तेवढेच ठेवले. घरघर ६८ वरून ६५ वर येईल. सरासरी किती उतरेल? ७७ वरून ७६.८ वर. डेसिबलचा पाचवा हिस्सा, जो कुणालाही ऐकू येणार नाही. आता उलट करा. गाड्या तेवढ्याच, पण हॉर्न ४० सेकंदांऐवजी २० सेकंद. सरासरी येते ७४.५ वर. हॉर्न अजिबात नसतील तर थेट ६८. एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ ८८ टक्के त्या चाळीस सेकंदांत होती. खरं तर गाड्या कमी झाल्या की हॉर्नही कमी होतात, त्यामुळे माझी ही विभागणी जरा कृत्रिम आहे. तरी ती एक गोष्ट स्पष्ट दाखवते. मुलींनी तक्त्याच्या तळाशी लिहिलेले उपाय, ‘वाहने कमी करा, झाडे लावा’, या चौराह्यावर आकडा हलवणार नाहीत. झाडांची एकच रांग तशीही आवाज फारसा अडवत नाही. गाडी पानांआड गेली की ती कमी ऐकू येते असं आपल्याला वाटतं, एवढंच.

तेव्हा प्रोजेक्टचा प्रश्न ‘पलासियावर आवाज किती?’ असा नको. ‘पलासियाच्या आवाजात हॉर्नचा वाटा किती, आणि ते हॉर्न सिग्नलच्या कुठल्या क्षणी वाजतात?’ असा असू द्या. याचं उत्तर तीन मुली आणि तीन मोबाइल मिळवू शकतात.

मोजमाप दर सेकंदाला नोंदवणारं हवं. भाचीने दर दहा सेकंदांनी पडद्यावर दिसेल तो आकडा वहीत लिहिला होता. दहा सेकंदांत एक सेकंदाचा हॉर्न येऊन गेलेला कळत नाही. नेमका सापडला तर तो एकटाच दहा सेकंदांचा मालक होतो. NoiseCapture सारखं ॲप नोंदी आपोआप ठेवतं. मग त्या कुठल्याही स्प्रेडशीटच्या A स्तंभात ओतायच्या आणि हे सूत्र लिहायचं:

```
=10*LOG10(SUMPRODUCT(10^(A2:A901/10))/COUNT(A2:A901))
```

कंसातला `10^` डेसिबलची ऊर्जा करतो, भागाकार सरासरी काढतो, आणि बाहेरचा `LOG10` उत्तर पुन्हा डेसिबलमध्ये आणतो. वर हाताने केलं तेच, नऊशे ओळींसाठी. मागची घरघर वेगळी काढायला आणखी एक छोटं सूत्र पुरतं:

```
=PERCENTILE(A2:A901,0.1)
```

नव्वद टक्के वेळ आवाज ज्या पातळीच्या वर राहिला, ती ही पातळी. हिलाच रस्त्याची घरघर समजायचं. हॉर्न तुटक असतात तोवर हे चालतं. संध्याकाळी सातला चौराहा तुंबला आणि हॉर्न अखंड वाजू लागले की तेही या पातळीत मिसळतात. घरघर अचानक ७५ च्या वर दिसली तर इंजिनं बदललेली नसतात, तुमची पद्धत फसलेली असते.

मोबाइल हे काही ध्वनिमापक नाही. प्रत्येकाचा माइक वेगळा. खरं उपकरण मोजणीआधी ९४ डेसिबलचा ठरलेला सूर ऐकवून जुळवून घेतात. आपल्याकडे ती सोय नसेल तर निदान तिन्ही फोन एकाच जागी दहा मिनिटं शेजारी ठेवून त्यांची सरासरी पाहावी. एखादा सतत ४ डेसिबल जास्त दाखवत असेल तर तेवढे वजा करावेत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जुळवलेला मापक मिळाला तर फारच छान. त्याहून फसवा दोष दुसरा आहे. फोन बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असल्याने फार मोठा आवाज तो कापतो. आलेख काढून बघा. सगळी शिखरं एकाच उंचीवर कात्रीने कापल्यासारखी सपाट असतील, तर तुमच्या फोनने हॉर्न खरा मोजलाच नाही. वाटा काढायचा आहे नेमका त्याचाच, तेव्हा तो फोन बाजूला ठेवा.

उभं राहायचं ते भिंतीपासून तीन-साडेतीन मीटर दूर, फोन जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंच, शक्यतो तिपाईवर. भिंतीला टेकून मोजलं की परत येणारा आवाज मिळून आकडा ३ डेसिबलपर्यंत फुगतो. वारा सुटला तर माइकवर फोमचा तुकडा लावा, नाहीतर हवेच्या फुंकरीचाच आवाज मोजत बसाल.

एक मुलगी आकड्यांकडे बघणार नाही. तिने सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, त्याची फक्त वेळ नोंदवायची, आणि काही विचित्र घडलं तर तेही. हे विचित्र महत्त्वाचं आहे. रुग्णवाहिका १०० डेसिबलचा भोंगा वाजवत दहा सेकंद शेजारून गेली, तर त्या दहा सेकंदांची मापं होतात एक लाख, म्हणजे त्या पंधरा मिनिटांतल्या बाकी सगळ्या आवाजाच्या दुप्पट. सरासरी ७७ वरून ८२ वर उडी मारते. नोंद नसेल तर तुम्ही चौराह्याला दोष द्याल. तेवढे सेकंद वेगळे काढा, आणि काढले असं लिहा.

आता हॉर्नच्या वेळा आणि सिग्नलच्या वेळा एकावर एक ठेवा. माझा अंदाज आहे की ढीग हिरव्याच्या आसपास दिसेल. लाल संपायच्या शेवटच्या दोन-चार सेकंदांत मागचा पुढच्याला ढकलतो, आणि हिरवा झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत सगळेच एकमेकांना ढकलतात. अंदाज चुकला तर अधिकच मजा. पण ढीग तिथेच दिसला तर वाहतूक पोलिसांकडे न्यायला काहीतरी नेमकं हाती येतं. उलटी गिनती दाखवणारे आकडे शेवटचे पाच सेकंद झाकले तर हॉर्न कमी होतील का? मुंबई पोलिसांनी २०१९ च्या अखेरीस काही सिग्नलांना डेसिबलमापक जोडले होते. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. कल्पना झकास होती. फक्त मापकाजवळचा एकच जोरकस हॉर्न सगळ्यांना शिक्षा देऊ शकतो, हे वरचं गणित वाचल्यावर तुमच्याही लक्षात आलं असेल.

जाता जाता एक. २०२० मध्ये शंख-थाळ्यांच्या नादाने विषाणू मरतो असे संदेश फिरले होते. आवाजाने जंतू मरत असते तर आमच्या इंदूरला स्वच्छतेसाठी कचरागाड्या लागल्याच नसत्या, पलासियाचे हॉर्न पुरले असते.

सिग्नलमध्ये बदल करायची परवानगी मिळाली, तर एका संध्याकाळची तुलना पुरणार नाही. कुणीही काही न बदलता आकडा रोज एक-दोन डेसिबल इकडेतिकडे होतो. हॉर्न निम्मे केल्याचा फायदाच अडीच डेसिबल असेल, तर तो या हेलकाव्यात सहज हरवतो. म्हणून बदलाआधी किमान पाच संध्याकाळी, नंतर पाच, वार आणि वेळ तीच. शिवाय त्याच वेळी दुसरा एक चौराहा, समजा रीगल, जिथे काहीच बदललेलं नाही. दोन्हीकडे आवाज सारखाच उतरला, तर शाळांना सुट्टी लागली असेल.

भाचीने विचारलं, ‘मग गणपतीचे दहा दिवस?’ मी म्हणालो, ते दिवस मोजा जरूर, पण वेगळ्या पानावर. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या मिरवणुकीची रात्र त्या सूत्रात एकदा शिरली, तर बाकीचा महिना दिसणारच नाही.