झेड-प्लेनवरचे पोल: डॅम्पिंग, नॅचरल फ्रिक्वेन्सी आणि सेटलिंग टाइम

सॅम्पल्ड सिस्टीम, म्हणजे जिच्यात कंट्रोलर ठराविक वेळाने माप घेतो, आकडेमोड करतो आणि आउटपुट सोडतो, तिचे पोल झेड-प्लेनवर कुठे बसलेत यावरून ती किती डोलेल, किती वेगानं डोलेल आणि कधी शांत होईल हे काढता येतं. एस-प्लेनवर हे नजरेनं वाचता येतं कारण डावीकडे जितकं लांब तितकं लवकर शांत, पण झेड-प्लेनवर तसं नाही, इथे अंतर मोजायचं ते ओरिजिनपासून आणि वळण मोजायचं ते पॉझिटिव्ह रिअल अ‍ॅक्सिसपासून. आणि एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवावी: झेड-प्लेनला सेकंद माहीतच नसतात, तिथे सगळा हिशोब सॅम्पलमध्ये चालतो.

दोन्ही प्लेनमधलं नातं एका ओळीचं आहे, `z = e^(sT)`, यात T म्हणजे दोन सॅम्पलमधला वेळ. ζ म्हणजे डॅम्पिंग, ωn म्हणजे नॅचरल फ्रिक्वेन्सी, ωd म्हणजे प्रत्यक्ष डोलण्याचा वेग आणि ts म्हणजे सेटलिंग टाइम असं धरू. एस-प्लेनवरची पोलची जोडी `s = -ζωn ± jωd` अशी असेल तर झेड-प्लेनवर तिची त्रिज्या `r = e^(-ζωnT)` येते आणि कोन `θ = ωdT`. म्हणजे प्रत्येक सॅम्पलला डोलण्याचा आवाका r पटीनं कमी होतो आणि डोलणं θ एवढं पुढे सरकतं. उलट जायचं तर लॉग घ्यायचा:

`ζ = -ln r / √((ln r)² + θ²)`
`ωn = √((ln r)² + θ²) / T`
`ts ≈ -4T / ln r`

शेवटचं सूत्र २ टक्क्यांच्या पट्ट्यात शिरण्याच्या वेळेचं. कोन इथे रेडियनमध्येच हवा, कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला तर ζ जवळजवळ शून्य येतो आणि चांगली सिस्टीम उगाच वाईट वाटते.

नीट बघा, ζ च्या सूत्रात T नाहीच, ωn आणि ts मध्ये मात्र आहे. म्हणजे नुसती पोलची जागा सांगितली तर डॅम्पिंग कळतं, बाकी दोन्हींसाठी सॅम्पलिंगचा वेळही विचारावा लागतो. हे विसरल्यामुळे होणाऱ्या चुका सगळ्यात जास्त दिसतात.

उदाहरण घेऊ. डीसी मोटरच्या पोझिशन कंट्रोलमध्ये बंद लूपचे पोल `0.8 ± j0.3` वर आहेत, T = ०.०५ सेकंद. त्रिज्या √०.७३ म्हणजे ०.८५४, तिचा लॉग -०.१५७. कोन ०.३५९ रेडियन, साधारण साडेवीस डिग्री. आता वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.३९२ येतं, म्हणून ζ = ०.१५७ / ०.३९२ = ०.४०, आणि ωn = ०.३९२ / ०.०५ = ७.८ रेडियन प्रति सेकंद. सेटलिंगला ४ / ०.१५७ म्हणजे साधारण २५ सॅम्पल, वेळेत १.२७ सेकंद. एक पूर्ण झोका २π / ०.३५९ म्हणजे साडेसतरा सॅम्पलचा, म्हणून शांत होईपर्यंत दीड झोक्यापेक्षाही कमी डोलणं होतं.

हेच पायथॉनमध्ये:

```python
import cmath
p, T = 0.8 + 0.3j, 0.05
s = cmath.log(p) / T
wn = abs(s)
zeta = -s.real / wn
ts = -4 / s.real
```

इथे θ / T = ७.२ लाच ωn समजायची चूक सहज होते, पण तो ωd आहे, प्रत्यक्ष दिसणाऱ्या डोलण्याचा वेग. ζ कमी असताना फरक थोडाच राहतो म्हणून चूक पकडली जात नाही, ζ ०.८ झाला की ωd हा ωn च्या फक्त ६० टक्के उरतो.

प्लेनवर हे रेषांच्या रूपात पाहिलं की लक्षात राहतं. सेटलिंग टाइम सारखा असलेले पोल ओरिजिनभोवतीच्या एका वर्तुळावर बसतात आणि ωd सारखा असलेले ओरिजिनमधून निघालेल्या एका किरणावर. ζ सारखा असलेले मात्र एका स्पायरलवर येतात जी `z = 1` पासून निघून आत आत वळत जाते. मॅटलॅबमध्ये `zgrid` दिलं की ζ आणि ωn च्या रेषांची जाळी पोलच्या चित्रावर येते. त्रिज्येचा अंदाज यायला काही आकडे: ०.५ ला साधारण ६ सॅम्पल, ०.८ ला १८, ०.९ ला ३८ आणि ०.९९ ला जवळजवळ ४००. युनिट सर्कलजवळ थोडंसं सरकलं तरी वेळ कुठल्या कुठे जातो.

यातूनच एक खरी अडचण निघते. वाटतं की सॅम्पलिंग जितकं वेगानं तितकं चांगलं, पण T लहान केला की सगळे पोल `z = 1` कडे गोळा होतात. वरचीच सिस्टीम १ मिलिसेकंदाने सॅम्पल केली तर तिचं समीकरण `z² - 1.993664z + 0.993725` होतं. हे आकडे तीन दशांशांवर राउंड केले तर `z² - 1.994z + 0.994` उरतं आणि त्याची मुळं १ आणि ०.९९४! डोलणं गेलं, एक पोल थेट युनिट सर्कलवर जाऊन बसला, म्हणजे ती आता कधीच शांत न होणारी सिस्टीम झाली, केवळ राउंडिंगमुळे. स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर फिक्स्ड पॉइंटमध्ये फिल्टर लिहिताना हे खरंच घडतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे राउंड केलेल्या आकड्यांवरून पोल पुन्हा काढून बघणं, मूळ आकड्यांवरून नाही.

T फार मोठा ठेवला तर वेगळाच त्रास. कोन १८० डिग्रीच्या पुढे मोजताच येत नाही, त्यामुळे सॅम्पलिंगच्या निम्म्यापेक्षा वेगवान डोलणं हळू डोलण्याचं रूप घेऊन येतं. वरच्या मोटरचं डोलणं १.१४ हर्ट्झ आहे आणि सॅम्पलिंग २० हर्ट्झ, तर २१.१४ हर्ट्झनं थरथरणारा आणि तेवढ्याच वेगानं विरणारा शाफ्टही सॅम्पलमध्ये अगदी याच पोलवर दिसेल. शंका आली तर T बदलून पुन्हा माप घ्यावं, पोल खरा असेल तर कोन T च्या प्रमाणातच बदलतो.

निगेटिव्ह रिअल अ‍ॅक्सिसवरचा पोल हा झेड-प्लेनचा खास प्रकार. `z = -0.5` वर त्रिज्या छान लहान आहे, ६ सॅम्पलमध्ये सगळं शांत, पण कोन पूर्ण π असल्यामुळे ζ फक्त ०.२२ येतो आणि मधल्या काळात प्रत्येक सॅम्पलला चिन्ह उलटतं. असा पोल कंट्रोलरमध्ये असेल तर मोटरला जाणारा व्होल्टेज दर सॅम्पलला वरखाली होत राहतो, आउटपुटचा ग्राफ गुळगुळीत दिसतो तरी गिअरमधून खडखड ऐकू येते. म्हणून नुसता आउटपुट न बघता कंट्रोल सिग्नलही प्लॉट करावा.

हे सगळे आकडे एकाच प्रभावी जोडीसाठी आहेत. ζ = ०.४० वरून ओव्हरशूट २५ टक्के येईल असं म्हणतात, पण ट्रान्सफर फंक्शनमधला झीरो १ च्या आतल्या बाजूला पण जवळ असेल तर ओव्हरशूट त्याहून बराच मोठा निघतो, पोल जागचे हलले नसले तरी. विरण्याचा वेग तेवढाच राहतो, पण सुरुवातीचा झोका मोठा असल्यानं २ टक्क्यांच्या पट्ट्यात यायला काही सॅम्पल जास्त लागू शकतात.